बग म्हणजे मेंटेनन्सच?

"बग फिक्स केला म्हणजे तास मेंटेनन्समध्येच जाणार ना? मग दरवेळी टाइमशीटमध्ये वेगळं निवडायला का लावता?"

नाही, तो बग कधी दुरुस्त केला त्यावर आहे. घर बांधताना गिलावा नीट बसला नाही म्हणून खरवडून पुन्हा केला, तर त्याला कोणी डागडुजी म्हणत नाही. राहायला गेल्यावर भिंतीला ओल आली, ती डागडुजी. फीचर वापरायला तयार होण्याआधी क्यूएला सापडून दुरुस्त झालेला बग हा ते फीचर बांधण्याचाच खर्च असतो.

फायनान्सला हे लागतं कारण इंड एएस ३८ या लेखा मानकात सॉफ्टवेअर बांधण्याचा खर्च, ठरावीक अटी पूर्ण झाल्या तर, मालमत्ता म्हणून ताळेबंदात जातो आणि पुढची काही वर्षं थोडा थोडा खर्ची पडतो. मेंटेनन्स मात्र त्याच वर्षीच्या नफ्यातून वजा होतो. शोधाशोधीच्या टप्प्यावरचा खर्चही तसाच, म्हणजे हे जमेल का, कोणत्या पद्धतीनं करावं, हे तपासण्यात गेलेला वेळ. फीचर ठरल्याप्रमाणे चालण्याच्या स्थितीत आलं की मालमत्तेत भर घालणं थांबतं.

आमचंच एक उदाहरण देते. पिंपरी-चिंचवडच्या सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांसाठी आम्ही बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो. त्यात ई-वे बिल काढायची सोय घातली. तिमाहीच्या शेवटी जिरामध्ये तास निघाले ५५०: `Story` वर ४३०, `Bug` वर १२०. फायनान्सच्या शीटमध्ये सरळ सूत्र होतं, स्टोरी म्हणजे नवीन, बग म्हणजे मेंटेनन्स. म्हणजे ४३० तास मालमत्तेत.

मी तिकिटं एकेक उघडली. स्टोरीतले ५० तास सरकारी पोर्टलशी जोडणी थेट करायची की मध्यस्थ कंपनीमार्फत, हे पडताळण्यात गेले होते. ते खर्चात. उलट १२० पैकी ८५ तासांचे बग गो-लाइव्हच्या आधीचे निघाले. ते मालमत्तेत. बेरीज ४६५ आली. फरक फक्त ३५ तासांचा. ताशी १,२०० रुपये धरले तर ४२,००० रुपये. "एवढंच ना?" असं फायनान्सचा एक जण म्हणालाही. पण चुकीच्या खान्यात १३५ तास होते, दोन्ही बाजूंच्या चुका एकमेकींना झाकत होत्या इतकंच. पुढच्या तिमाहीत त्या झाकतीलच असं नाही.

तेव्हापासून निवड तिकीट उघडणाऱ्याकडे दिली. ग्राहकाकडून आलेल्या बगमध्ये `Affects Version` भरायचं, क्यूएच्या बगमध्ये रिकामं ठेवून तो स्टोरीला जोडायचा. मग मेंटेनन्सचे बग असे निघतात:

```
issuetype = Bug AND affectedVersion is not EMPTY
AND worklogDate >= "2025-07-01"
```

हे तिकिटं देतं, तास नाही. तास वर्कलॉगच्या रिपोर्टमधून तारखेनुसारच घ्यावे लागतात. आणि एक जागा अशी आहे जिथे तिकिटावरची खूण फसते: क्यूएला सापडलेला, पण "चालतंय, नंतर बघू" म्हणून मागे ठेवलेला बग. तिकीट गो-लाइव्हच्या आधीचं, काम नंतरचं. ते तास मेंटेनन्समध्ये जातात, म्हणून गो-लाइव्हची तारीख मी प्रत्येक एपिकवर लिहूनच ठेवते.

काही जण "शंका आली की मेंटेनन्स टाकतो, सेफ असतं" म्हणतात. सेफ नसतं. नियमानुसार एकदा खर्च म्हणून दाखवून हिशेब बंद केला, की पुढच्या वर्षी तीच रक्कम मालमत्ता म्हणून उचलता येत नाही.

तारखा मी एवढ्या काटेकोरपणे का पाहते, तेही सांगते. जुन्या कंपनीत ऑडिटरनी नमुन्याला काही नोंदी उचलल्या होत्या. एका डेव्हलपरनं महिनाभराचे तास शेवटच्या शुक्रवारी एका बैठकीत भरले होते, रोज आठ, सगळे नवीन फीचरवर. ऑडिटर पुण्याचेच. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "अनंत चतुर्दशीला आठ तास? ऑफिस उघडं होतं का?"

ऑफिसला सुट्टी होती. पोरगा सकाळपासून लक्ष्मी रोडवर ढोल वाजवत होता, त्याचे फोटो ग्रुपवर आम्ही सगळ्यांनी पाहिलेले. त्या एका ओळीपायी त्याच्या महिन्याच्या सगळ्या नोंदी कमिटच्या तारखांशी ताडून पाहाव्या लागल्या. दोन दिवस गेले, आणि ज्या तासांना आधार सापडला नाही ते मालमत्तेतून काढावे लागले.