न कापलेला बँड

आमच्या लॅबमध्ये दर सत्रात एक अ‍ॅडव्हान्स्ड सेमिनार असतो. पीएचडीच्या मुलांनी विषय घ्यायचा आणि शक्य असेल तर स्वतःच्या हातचा थोडा डेटा दाखवायचा. या वेळी मृणालकडे विषय आला होता: साधं क्रिस्पर, बेस एडिटिंग आणि प्राइम एडिटिंग यांची तुलना. सरांना तुलनेत तक्ता लागतो. आडवे तीन रकाने, उभे पाच, खाली एक विजेता. तक्त्याशिवाय सेमिनार त्यांना सेमिनार वाटत नाही.

मृणालने लक्ष्य निवडलं सिकल सेलचं, आणि ते योग्यच होतं. बीटा-ग्लोबिन जीनच्या सहाव्या कोडॉनमधलं एकच अक्षर बदलतं, GAG चं GTG होतं, ग्लुटॅमिक अ‍ॅसिडच्या जागी व्हॅलिन येतं. गडचिरोली-नंदुरबारकडच्या मुलामुलींना हा आजार पुस्तकात वाचावा लागत नाही, आमच्याच बॅचमध्ये दोघांच्या घरात तो आहे. आमच्याकडे एचईके या मानवी पेशींचा एक क्लोन आहे, त्यात या जीनच्या सगळ्या प्रतींमध्ये सिकलचा बदल घातलेला आहे. त्याच पेशींवर तिन्ही तंत्रं चालवायची, डीएनए काढायचा, तो भाग पीसीआरने वाढवायचा आणि डीडीई-वन या एन्झाइमने कापून जेलवर बघायचं, असा तिचा बेत.

डीडीई-वनची निवड जुनी आणि हुशारीची आहे. हे एन्झाइम CTNAG वाचतं, N म्हणजे कुठलंही अक्षर. निरोगी जीनमध्ये CCT GAG मधून CTGAG मिळतं, तिथे ते कापतं. सिकलमध्ये A च्या जागी T आला की जागा मोडते आणि तुकडा अखंड राहतो. म्हणजे दुरुस्ती झाली तर कापलेले दोन बँड, नाही झाली तर वर एकच जाड बँड. सिकलच्या निदानासाठी याच युक्तीवर वर्षानुवर्षं काम झालेलं आहे.

त्या दिवशी सकाळी जेल आलं. साध्या क्रिस्परच्या लेनमध्ये, जिथे डीएनए तोडणारा न्यूक्लिएझ आणि सोबत दुरुस्तीसाठी डीएनएचा साचा दिला होता, कापलेले बँड फिके, पण दिसत होते. प्राइम एडिटिंगच्या लेनमध्ये ते ठसठशीत. बेस एडिटिंगच्या लेनमध्ये काहीही नाही, कंट्रोल म्हणून ठेवलेल्या, हात न लावलेल्या पेशींसारखीच लेन. सरांनी ट्रान्सइल्युमिनेटरवर एकदा वाकून बघितलं आणि म्हणाले, "बेस एडिटर चाललेला नाही. तक्त्यात तसं लिही." मृणालने मान डोलावली. सर गेल्यावर मला म्हणाली, "ताई, ट्रान्सफेक्शन तर छान होतं. चमकत होत्या पेशी."

मी तिला नमुना डीएनएची अक्षरं वाचणाऱ्या सँगर सीक्वेन्सिंगला पाठवायला सांगितलं, कारण मला तो निकाल अपेक्षितच होता. बेस एडिटर T चा A करूच शकत नाही.

हे नीट सांगायला हवं, कारण सेमिनारमध्येही इथेच सगळे अडकले. अ‍ॅडेनिन बेस एडिटरमध्ये क्रिस्परची कात्री असलेला कॅस९ दोन्ही धागे कापत नाही, एकालाच खाच पाडतो. जागा दाखवणारा गाइड आरएनए डीएनएच्या एका धाग्याला चिकटला की दुसरा मोकळा सुटतो, आणि त्या मोकळ्या धाग्यावरच्या A चं जोडलेलं डिअमिनेझ इनोसिन करून टाकतं. इनोसिनला पेशी G समजते. खाच समोरच्या धाग्यावर असते, म्हणून पेशी तो धागा दुरुस्त करताना बदललेल्या धाग्याकडे बघून लिहिते. निष्पन्न काय, तर A–T जोडीची G–C जोडी. एवढंच. सिटोसिन एडिटर याच्या उलट दिशेने जातो. A–T ची T–A करणं या दोघांच्याही आवाक्यात नाही, आणि सिकल उलटवायला नेमकं तेच लागतं.

मग सिकलसाठी लोक बेस एडिटर वापरतात तो कसा? GTG च्या समोरच्या धाग्यावर CAC आहे. त्यातल्या मधल्या A चा G केला की आपल्या बाजूला GTG चं GCG होतं. GCG म्हणजे अ‍ॅलानिन. व्हॅलिन गेलं, ग्लुटॅमिक अ‍ॅसिड परत आलं नाही, तिसरंच काही बसलं. हे हिमोग्लोबिन निसर्गात आहे. इंडोनेशियातल्या मकास्सरच्या नावाने ते ओळखलं जातं आणि ते असणाऱ्यांच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकत नाहीत. सोयीच्या ठिकाणी नेहमीच्या कॅस९ला लागणारा NGG पॅम, म्हणजे शेजारी असावा लागणारा खुणेचा अक्षरगट, नसतो, म्हणून CACC ओळखणारा सुधारित कॅस९ घ्यावा लागतो. मृणालने तोच घेतला होता. अभ्यास पक्का होता तिचा, फक्त चाचणी दुसऱ्याच प्रश्नाची होती.

सीक्वेन्स दोन दिवसांनी आला. (बाहेरची सेवा. "चोवीस तासांत" हे त्यांचं घोषवाक्य आहे.) आलेखात सहाव्या कोडॉनच्या मध्ये T आणि C अशी दोन शिखरं एकावर एक, त्यातलं C बरंच उंच. आजूबाजूला सगळं स्वच्छ. पाचव्या कोडॉनच्या शेवटीही लहानसं C डोकावत होतं. मी कागदावर चार ओळी लिहून तिच्यासमोर ठेवल्या:

```
निरोगी      ACT CCT GAG GAG
सिकल       ACT CCT GTG GAG
मकास्सर     ACT CCT GCG GAG
दोन बदल    ACT CCC GCG GAG
```

"आता यात CTNAG शोध," म्हटलं. पहिल्या ओळीतच सापडतं. म्हणजे डीडीई-वनच्या दृष्टीने उत्तम चाललेला बेस एडिटर आणि अजिबात न चाललेला बेस एडिटर एकच. शेवटची ओळ शेजारच्या A ची. एडिटर जिथवर पोहोचतो त्या खिडकीच्या काठावर तो येतो आणि कधीकधी सोबत बदलतो, पण CCT काय किंवा CCC काय, दोन्ही प्रोलिनच, त्यामुळे इथे ते निरुपद्रवी. दुसऱ्या जीनमध्ये असा शेजारी निरुपद्रवी असेलच असं नाही, आणि बेस एडिटरची खरी डोकेदुखी तीच आहे.

मग आम्ही दोघी खुर्च्या ओढून त्याच न कापलेल्या बँडकडे परत वळलो. कारण न्यूक्लिएझच्या लेनमध्येही वर जाड बँड होता, आणि सरांनी तो "दुरुस्ती न झालेल्या पेशी" म्हणून सोडून दिला होता. त्याचा सँगर आलेख बघितला तर कापाच्या जागेपर्यंत अक्षरं सरळ आणि तिथून पुढे सगळा गोंधळ, एकावर एक चार-चार शिखरं. कॅस९ने दोन्ही धागे तोडले, पेशीने टोकं घाईत जोडली, जोडताना अक्षरं गेली किंवा घुसली. या प्रतींमधला सिकल गेला खरा, पण बऱ्याच ठिकाणी वाचनाची चौकटच सरकली आणि त्या प्रतीतून बीटा-ग्लोबिनच बनणार नाही. सिकलच्या रुग्णाला आपण थॅलेसेमियाची प्रत देऊन बसलो. डीडीई-वनला तीही न कापलेलीच दिसते.

त्याहून त्रासदायक गोष्ट जेलवर दिसतच नाही. दोन्ही धागे तुटल्यावर कधीकधी शेकडो-हजारो अक्षरांचा तुकडा गळतो. त्यात पीसीआरच्या प्रायमरची जागाच गेली तर ती प्रत वाढतच नाही. जेलवरची टक्केवारी मग उरलेल्या प्रतींमधून काढली जाते आणि न्यूक्लिएझ आहे त्यापेक्षा सभ्य दिसतो. म्हणूनच मान्यता मिळालेल्या कॅसजेव्ही उपचारात (२०२३ अखेर ब्रिटन, मग अमेरिका) न्यूक्लिएझला अक्षर दुरुस्त करायला सांगितलेलंच नाही. तिथे तो बीसीएल११ए या जीनचा एक स्विच मोडतो, गर्भातलं हिमोग्लोबिन परत सुरू होतं. मोडायचंच असेल तर न्यूक्लिएझसारखं हत्यार नाही.

प्राइम एडिटिंगच्या लेनवर मृणाल खूष होती, आणि तिने पेगआरएनए, म्हणजे लांब शेपटीचा गाइड, खरंच मन लावून बनवला होता. यातही कॅस९ एकाच धाग्याला खाच पाडतो, पण सोबत रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेझ असतं. पेगआरएनएच्या शेपटीचा एक भाग खाचेच्या मोकळ्या टोकाला चिकटतो, उरलेला भाग नवीन अक्षरांचा साचा असतो. एन्झाइम तो वाचून तिथल्या तिथे नवा धागा लिहितो. म्हणून T चा A इथे जमतो, खराखुरा GAG परत येतो. इथे योगायोगाने बदलायचं अक्षर पॅममधल्या N वर पडतं, TGG चं AGG झालं तरी पॅम शाबूत. प्राइम एडिटर पुन्हा येऊन बसला तर तेच परत लिहील. तोच गाइड न्यूक्लिएझला दिला तर मात्र तो दुरुस्त झालेली प्रतही पुन्हा तोडतो. फिक्या बँडचं एक कारण हेही असावं.

तिचा उत्साह मी थोडा कमी केला, कारण एचईके पेशी प्राइम एडिटिंगवर मेहेरबान असतात. नवा धागा जुन्याशी जुळत नाही हे पेशीची मिसमॅच रिपेअर यंत्रणा ओळखते आणि बहुतेकदा जुनंच परत आणते. एचईकेमध्ये ती यंत्रणा अर्धवट आहे. रुग्णांच्या रक्त-स्टेम पेशींत काम अवघड होतं. डेव्हिड लिऊंच्या गटाच्या कामात २०२१ मध्ये बेस एडिटरने अशा पेशींमधल्या जवळपास ८० टक्के प्रतींचं मकास्सर केलं, तर २०२३ मध्ये प्राइम एडिटिंगने सिकलचं निरोगी करण्याचं प्रमाण १५ ते ४१ टक्के होतं. पहिला आकडा मोठा आहे, पण त्यातली एकही प्रत मूळ निरोगी नाही. हे दोन आकडे एका रकान्यात कसे लिहायचे?

सेमिनारमध्ये मृणालने तक्ता काढून टाकला आणि एकच जेल दाखवलं. न कापलेल्या बँडचे तीन अर्थ सांगितले: हात न लागलेला सिकल, मकास्सर, मोडलेली प्रत. सर म्हणाले, "पण मग शेवटी चांगलं कुठलं?" त्यांना उत्तर हवं होतं आणि ते शेवटपर्यंत मिळालं नाही.

मागच्या बाकावरून एमएस्सीच्या एका मुलाने विचारलं, "मॅम, आमच्याकडे तपासणीला इलेक्ट्रोफोरेसिस करतात. त्यात मकास्सर कुठे दिसणार?" प्रश्न ऐकून मी वहीत रेघ मारली. अल्कलाइन इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये हिमोग्लोबिन विद्युतभारावर सरकतं. ग्लुटॅमिक अ‍ॅसिडचा ऋणभार गेला की झालं, जागी व्हॅलिन आलं की अ‍ॅलानिन याने भारात फरक पडत नाही. मकास्सर सिकलच्याच रेषेवर येतं. द्राव्यतेची चाचणी मात्र सिकल दाखवणार नाही. म्हणजे उद्या असा उपचार घेतलेला कुणी आमच्या बाजूच्या जिल्हा रुग्णालयात गेला, तर एक तपासणी त्याला आजारी ठरवेल आणि दुसरी ठरवणार नाही. त्याच्या केसपेपरवर कोण काय लिहील, हे मला अजून सुचलेलं नाही.

जेलची अडचण तेवढी सुटण्यासारखी आहे. मकास्सरच्या ओळीत GCGG तयार होतं, ते एसीआय-वन कापतं. दोन्ही अक्षरं बदलली तर CCGCGG होतं, तिथे सॅक-टू चालतं. सॅक-टू फ्रीझरमध्ये आहे, एसीआय-वन मागवलंय. त्याचं लक्ष्य चारच अक्षरांचं, आमच्या तुकड्यात इतरत्रही सापडू शकतं, म्हणून मृणाल प्रायमर नव्याने काढते आहे. सर अजून तक्ता मागतात.