रविवारचा कॉल आणि "बोल बोल, तू बोल"

रविवार, रात्री उशिरा

दादाकडे अमेरिकेत एडिसनला सकाळचे साडेदहा, आपल्याकडे रात्रीचे आठ. कराडहून आई-बाबा, डोंबिवलीहून आत्या आणि पुण्यातून मी. आजही पहिली दोन मिनिटं "हॅलो", "येतंय का ऐकू?", "हो हो, बोल", "नाही, तू बोल" यातच गेली. कॉल संपल्यावर आई म्हणाली, "दादाला हल्ली धीरच नाही. मी तोंड उघडलं की मध्ये बोलतो." थोड्या वेळाने दादाचा मेसेज आला: "आई मला एक वाक्य पुरं करू देत नाही."

दोघंही खरं सांगत होते, म्हणून हे लिहून ठेवावंसं वाटलं. माझं रोजचं काम नेटवर्कचं, त्यामुळे आकडे मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही.

समोरासमोर बोलताना आपण एकमेकांना फार कमी उसंत देतो. 2009 साली 10 भाषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. प्रश्न संपून उत्तर सुरू व्हायला सरासरी सुमारे 0.2 सेकंद लागतात, असं त्यात दिसलं. उत्तर सेकंदभर आलं नाही की आपल्याला काहीतरी बिनसल्यासारखं वाटतं.

आता आजचा प्रसंग. आवाज कराडहून एडिसनला पोचायला 0.4 सेकंद लागतात असं धरू (हा आकडा कुठून आला ते पुढे आहे). आईचं "ऐकू येतंय का?" शून्याला संपलं. दादाला ते 0.4 ला ऐकू आलं. त्याने अगदी तत्परतेने 0.6 ला "हो, येतंय की" म्हणायला सुरुवात केली. त्याचा पहिला शब्द आईच्या कानावर पडणार 1.0 ला. पण जवळजवळ सेकंदभर शांतता म्हणजे आईच्या हिशोबी फोन लागलाच नाही. 0.9 ला तिने पुन्हा "हॅलो?" म्हटलं. तिचा "हॅ" निघतोय तोवर दादाचा आवाज आला, म्हणजे तिच्या लेखी तो मध्ये बोलला. तिचं हे दुसरं "हॅलो" दादाकडे 1.3 ला पोचलं. तेव्हा तो 0.7 सेकंद बोलत होता, म्हणजे त्याच्या लेखी आई मध्ये बोलली. एकाच कॉलच्या दोन टोकांना दोन वेगळी संभाषणं घडत होती, आणि दोन्हीकडे दोषी समोरचाच.

त्यात कॉलची सुरुवात सगळ्यात वाईट. साध्या फोनवर ज्याने उचलला त्याने आधी "हॅलो" म्हणायचं, हे ठरलेलं असतं. व्हिडिओ कॉलमध्ये उचलणारा कोणी नसतोच, चार चेहरे एकदम चौकटीत येतात आणि चौघं एकदम बोलतात. शिवाय चित्र दिसलं तरी आवाजाचा धागा कधी कधी थोडा मागाहून जुळतो आणि पहिलं "हॅलो" कुठेच पोचत नाही. त्यामुळे शांतता पसरली की आवाज पोचला नाही की उत्तर वाटेत आहे, हे कळायला मार्ग नाही. पुन्हा "हॅलो" म्हणणाऱ्या आईचं काही चुकत नाही.

टक्कर झाल्यावर तर आणखी मजा. दोघंही सभ्य, दोघंही थांबतात, साधारण तेवढाच वेळ थांबतात आणि पुन्हा एकदम "बोल बोल" म्हणतात. जुन्या ईथरनेटमध्ये एकाच तारेवर दोन यंत्रं एकदम बोलली की प्रत्येकाने वेगवेगळा, चिठ्ठी काढल्यासारखा वेळ थांबायचं असा नियम होता, तो याचसाठी. आमच्या घरात कोणी चिठ्ठ्या काढत नाही.

तर तो 0.4 चा आकडा. दादाबरोबर एकदा एकाआड एक आकडे म्हटले: मी एक, तो दोन, मी तीन, असं दहापर्यंत. एका खोलीत बसून हे पाचेक सेकंदांत होतं. कॉलवर माझ्या घड्याळाने नऊ लागले. दहा आकड्यांत आवाजाच्या जाऊन-येऊन पाच फेऱ्या होतात, म्हणजे जास्तीचे चार सेकंद भागिले पाच, फेरीला 0.8 आणि एका दिशेला 0.4. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे की एका दिशेचा उशीर 0.15 सेकंदांच्या आत असेल तर बोलणं बहुधा सहज वाटतं, आणि 0.4 च्या पुढे जाऊ देऊ नये. आम्ही बरोबर कडेलोटाच्या जागी.

दादा लगेच म्हणाला, "अमेरिका लांब आहे, दुसरं काय." पण काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. सरळ रेषेत अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे 0.06 सेकंद. समुद्रातल्या केबली वळसे घालत जातात, म्हणून 0.1 धरू. तेवढं कोणाच्या बापाला टाळता येणार नाही. उरलेलं सगळं घरातलं: भिंतीपलीकडचं वायफाय, त्याच्या लहरीपणामुळे आवाज थोडा साठवून मग ऐकवणारं अॅप आणि दादाचे ब्लूटूथ इअरबड. त्याला इअरबड काढून लॅपटॉपला वायरवाला हेडफोन लावायला सांगितलं आणि पुन्हा आकडे म्हटले. नवाचे साडेसात सेकंद झाले. फेरीला 0.3 सेकंद नुसते कानातल्या बोंडांचे! दादाला ते महाग पडले होते, त्यामुळे तो गप्प बसला.

बाबांचं प्रकरण वेगळंच. ते फोन स्पीकरवर टाकून टेबलावर उभा करतात. आपला आवाज फिरून आपल्यालाच ऐकू येऊ नये म्हणून फोन एका वेळी एकाच बाजूला मोकळीक देतो, दुसरी दाबतो. आणि बाबांना दर वाक्याला "हं", "बरं", "अस्सं" म्हणायची सवय, ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो म्हणून. प्रत्येक "हं" बरोबर दादाचं एखादं अक्षर गिळलं जातं. शिवाय तो "हं" दादाला ऐकू येतो तेव्हा तो पुढच्या वाक्यात असतो. त्याला वाटतं बाबांना काही बोलायचंय, म्हणून तो थांबतो. बाबा त्याच्या पुढच्या शब्दाची वाट बघत बसतात. आत्या विचारते, "अडकलं का रे?" आणि पुन्हा चौघं एकदम.

आज आकडेमोड झाल्यावर आम्ही एक करून पाहिलं. आल्या आल्या कोणी "हॅलो" म्हणायचं नाही, नुसता हात हलवायचा किंवा नमस्कार करायचा. चार हात एकदम हलले तरी कोणाचं काही अडत नाही. मग फक्त आईने बोलायचं आणि नाव घेऊन: "आत्या, जेवण झालं का?" नाव घेतलं की बाकीचे आपोआप थांबतात, आणि उत्तराला उशीर झाला तरी ते कोणाकडून यायचंय हे ठाऊक असतं. टक्कर झालीच तर मोठ्याने बोलायचं, धाकट्याने थांबायचं. या नियमावर दादा खूश, कारण माझ्याबाबतीत तो नेहमी जिंकणार.

दुसऱ्यांदा कॉल लावला तेव्हा हे जमलं. फक्त आत्या नमस्कार करताना फोन हातातून खाली ठेवते, त्यामुळे आम्हाला तिचा पंखा दिसतो. बाबांना "हं" म्हणू नका, नुसती मान हलवा असं सांगितलं. पंधरा-वीस सेकंद पाळलं, मग दादाने पगाराचा विषय काढला आणि "हं, हं" सुरू. पुढच्या खेपेला कराडला जाताना वायरवाला हेडफोन घेऊन जायचाय. त्यांच्या फोनला गोल भोक नाही, टाइप-सीचा बघायला हवा.