दादर : पुल्लिंगी की स्त्रीलिंगी?

परीक्षा आटोपून भाची ठाण्याहून अमळनेरला आली, त्याला दोन दिवस झाले होते. आबा ओट्यावर बसून मोबाइलवर कोणाशी तरी मोठ्याने बोलत होते. आबांच्या मते गाव जितकं लांब तितका आवाज मोठा लागतो. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "दादर घरमा उनी का?"

भाची माझ्याकडे बघायला लागली. "मामा, दादर घरात कसं येईल?"

तिचं दादर मध्य रेल्वेवरचं. मी म्हटलं, कपाटात शब्दकोश आहे, बघ. ती बघून आली आणि विजयी चेहऱ्याने म्हणाली, "दादर म्हणजे लाकडी जिना. आबा कोणाच्या तरी घरी जिना बसवताहेत."

आता हे उत्तर चूक असलं तरी तिने काही वावगं केलं नव्हतं. शब्द शोधला, सापडला, पहिला अर्थ उचलला. आपण सगळे कोश असाच वाचतो. शब्द आणि अर्थ यांच्यामध्ये जे एक-दोन अक्षरी बारीक काहीतरी छापलेलं असतं, ते लग्नपत्रिकेतल्या 'आपले नम्र'सारखं सोडून देतो. मी तिला ते मधलं अक्षर वाचायला सांगितलं.

"पु.," ती म्हणाली. "म्हणजे पुस्तकी?"

तिच्या वयात मी 'वि.' म्हणजे विरुद्धार्थी समजत होतो आणि 'न.' म्हणजे नकारार्थी. 'काळा' या शब्दापुढे 'वि.' आणि त्यापुढे 'कृष्णवर्णी' वाचून मी बराच वेळ विचारात पडलो होतो, की काळ्याचा विरुद्धार्थी काळाच कसा? तेव्हा तिला हसण्याचा मला अधिकार नव्हता.

मराठी कोशात एक गंमत आहे. शाळेच्या व्याकरणात पहिली जात नाम. कोशात मात्र 'नाम' असं बहुधा कुठेच लिहिलेलं दिसत नाही. कारण पु., स्त्री. किंवा न. यांतलं एक अक्षर आलं की तो शब्द नाम आहे हे त्यातच आलं. लिंग हीच नामाची खूण. मग वि. म्हणजे विशेषण, क्रिवि. म्हणजे क्रियाविशेषण, आणि क्रियापदाला अक्रि. किंवा सक्रि., म्हणजे त्याला कर्म लागतं की नाही तेही तिथेच कळतं. क्रियापद शोधायचं तर 'णे' लावून शोधायचं. 'दमलो' सापडणार नाही, 'दमणे' सापडेल. 'वावरात' सापडणार नाही, 'वावर' सापडेल.

आणि ते लिंग शोभेला नसतं. मराठीत कितीतरी शब्द दिसायला एकच, पण लिंग बदललं की माणूसच बदलतो. पाठ स्त्रीलिंगी असली तर दुखते, पुल्लिंगी असला तर वहीत असतो. माळ गळ्यात पडते आणि माळ गावाबाहेर पसरलेला असतो. मान दिला तर सन्मान केला, मान दिली तर जीव दिला. कोशकार अशा शब्दांना स्वतंत्र नोंदी देतात. एका शब्दाचे एकमेकांतून निघालेले अर्थ असले, तर ते एकाच नोंदीत १, २, ३ आकडे घालून येतात. मुळातच दोन निराळे शब्द योगायोगाने सारखे दिसत असले, तर शब्दच दोनदा येतो. म्हणून एक नोंद वाचून पान मिटू नये. खाली त्याच नावाचं दुसरं कोणी उभं आहे का ते बघावं.

"आता आबा काय म्हणाले ते परत सांग," मी म्हटलं.

"दादर घरमा उनी का."

"उनी. उना नाही. आली, आला नाही."

ती थांबली. जिना पुल्लिंगी, आणि आबांची दादर तर आली होती. म्हणजे जिना बाद. हे तिचं तिला सुचलं, मी फक्त बोट दाखवलं. अहिराणी तिला येत नाही, पण क्रियापदाच्या शेपटातली ती 'नी' तिला ऐकू आली. वाक्यातून आधी लिंग काढायचं आणि मग त्या लिंगाची नोंद शोधायची, इतका साधा हिशेब. तिच्या हातातल्या छोट्या कोशात मात्र दुसरी नोंद नव्हतीच. पाचशे पानांच्या कोशात सगळा मुलूख कसा मावणार?

मोठ्या कोशात वाव असतो. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात भाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले. त्यात कंसांची नुसती झुंबड आहे. (व.) म्हणजे वऱ्हाडी, (गो.) म्हणजे गोमंतकी, (राजा.) म्हणजे राजापुरी, भाचीने तो राजाचा शब्द समजला असता. (ल.) म्हणजे लाक्षणिक. चौकटी कंसात शब्दाचं मूळ, संस्कृत की फारसी की आणखी काही. उदाहरणापुढे 'ज्ञा' आणि आकडे आले, तर ज्ञानेश्वरीतला अध्याय आणि ओवी. ही यादी कोशाच्या सुरुवातीला दिलेली असते आणि ती कोणी वाचत नाही. मीही पहिली कित्येक वर्षं अंदाजपंचे चालवलं.

पण माझं सगळ्यात जास्त वैर होतं ते 'ग्राम्य' या शिक्क्याशी. सहावीत मी निबंधात 'आम्ही सकाळी वावरात गेलो' असं लिहिलं. मास्तरांनी लाल शाईने 'वावरात' खोडून 'शेतात' केलं आणि समासात लिहिलं, ग्राम्य. मी रडवेला झालो, कारण आमच्याकडे शेतात कोणी जातच नव्हतं, सगळे वावरातच जायचे. पुढे कळलं की मास्तरांनी दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल केली होती. प्रांतिक ही चिठ्ठी शब्द कुठे बोलतात ते सांगते. ग्राम्य ही शिकलेसवरलेले त्याच्याकडे कसं बघतात ते सांगते. अशिष्ट ही कोणासमोर बोलू नये ते सांगते, आणि जुना ही केव्हापर्यंत बोलत होते ते. चारही चिठ्ठ्या बोलणाऱ्याविषयी आहेत, शब्द खरा की खोटा यावर एकही बोलत नाही. शेत या अर्थाचं वावर नपुंसकलिंगी, आणि 'त्यांचा इकडे फार वावर असतो' यातला वावर पुल्लिंगी. मास्तरांना खोडायचंच होतं तर निदान लिंग तपासून खोडायचं.

चिठ्ठ्यांवरही डोळे मिटून विश्वास टाकू नये. ती कोणी, कुठे बसून आणि कोणत्या साली लावली ते बघावं लागतं. 'रांधणे' घ्या. शहरात बसून कोश लिहिणारा त्याला जुना म्हणेल, कारण त्याच्या कानावर तो शब्द 'रांधा, वाढा, उष्टी काढा' एवढ्यातच पडतो. इथे आमच्या शेजारची काकू रोज सकाळी भिंतीपलीकडून आईला विचारते, "काय रांधी राहिनी वं?" तिला कोणी कळवायला हवं की तो शब्द निवृत्त झाला आहे. पुण्यात जुना असलेला शब्द बोरीकाठी धडधाकट असू शकतो. तिथे खरी चिठ्ठी प्रांतिक.

उलटही होतं. भाचीने दुपारी आईच्या हातचं भरीत खाल्लं आणि म्हणाली, "आजी, भारी!" आईने विचारलं, "पचाले भारी का?" आईच्या कोशात भारी हे विशेषण, आणि अर्थ वजनदार, जड, फार तर महागाचं लुगडं. 'भारी दमले' असंही ती म्हणते, तेव्हा तेच क्रियाविशेषण होतं आणि कोशात त्याच नोंदीत एक आडवी रेघ मारून क्रिवि. असं लिहिलेलं सापडतं. भाचीचं नुसतंच 'भारी' हे तिसरं. १९३० सालच्या कोशात ते शोधून उपयोग नाही. नव्या कोशकाराने घेतलं तर पुढे कंसात 'बोली' लिहील, आणि त्या कंसाचा अर्थ एवढाच की मैत्रिणीला म्हण, अर्जात लिहू नकोस. नोंदीतला पहिला अर्थ हा सगळ्यात चालता अर्थ असतो असंही नाही. काही कोश आधी जुना अर्थ देतात, काही आधी रुळलेला. कोणी काय धरलंय ते प्रस्तावनेत असतं. म्हणजे तीही वाचायची आली.

संध्याकाळी भाची वही घेऊन बसली. म्हणाली, कोशात नाही तर आपण लिहू. पहिल्या झटक्यात तिने लिहिलं : 'दादर – दादरची ज्वारी.' मी म्हटलं, जिला दादर माहीत नाही तिला यातून काय कळणार? आधी जात सांग, मग वेगळेपण. ती आबांकडे गेली. आबांनी तिला पाऊण तास दिला. पावसाळ्यातली ज्वारी निराळी, दादर पाऊस सरल्यावर पेरायची, तापीकाठच्या काळ्या रानात, जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती येते, कडबा गुरं आवडीने खातात, भाकर गोड लागते. 'ज्वारीमधली दादा, म्हणून दादर' अशी व्युत्पत्तीही त्यांनी ठोकून दिली. भाचीने ती चौकटी कंसात लिहायला घेतली. मी अडवलं. ऐकायला झकास लागणारी व्युत्पत्ती बहुतेक वेळा ओट्यावर बसून केलेली असते. शिवाय दादा असती तर आला असता, आली नसती. कंस रिकामा ठेवला.

शेवटी वहीत असं उतरलं :

दादर १ – पु. लाकडी जिना.

दादर २ – स्त्री. (खा.) ज्वारीची एक जात, पावसाळ्यानंतर काळ्या जमिनीत, ओलीवर येते. २ तिचं धान्य. 'दादर घरमा उनी का?' [ ]

दुसऱ्या नोंदीत दोन अर्थ झाले, कारण शेतात उभी ती पीक आणि घरात येते ते धान्य. हा फरक तिने स्वतः केला. मला सुचला नव्हता.

वही घेऊन ती चुलीपाशी गेली आणि आईला मोठ्याने वाचून दाखवायला लागली, "दादर, स्त्री., खा..."

"खा. म्हणजे खानदेशी गं आजी," असं ती पुढे सांगणार होती. पण आईने तव्यावरची भाकर तिच्या ताटात टाकली. "मंग खाय ना माय, थंडी व्हई राहिनी."