स्लायडर अपडेट: अ‍ॅक्सिलरेशन साइनचं दिलं, आता कॅमेरा थरथरत नाही

मंडळी, रेलवरून कॅमेरा सरकवणाऱ्या स्लायडरचं काम बरंच पुढे सरकलंय. रेल, जीटी२ बेल्ट, स्टेपर सगळं तेच आहे, बदललंय ते फक्त मोटरला वेग कसा द्यायचा त्याचं गणित. आधी साधा रॅम्प होता, म्हणजे अर्धा वेळ स्थिर अ‍ॅक्सिलरेशन आणि उरलेला अर्धा वेळ तेवढंच उलट. त्यात सुरुवातीला, मधे आणि शेवटी अ‍ॅक्सिलरेशन एकदम उडी मारतं, आणि प्रत्येक उडीला कॅमेरा थरथरलेला फुटेजमधे सरळ दिसतो. म्हणून आता अ‍ॅक्सिलरेशनच असं घेतलंय की ते शून्यापासून हळूहळू वाढेल, परत शून्यावर येईल, मग तसंच उलट्या बाजूला जाऊन शेवटी पुन्हा शून्य होईल:

a(t) = A sin(2πt/T)

मला ६० सेंमी अंतर ४ सेकंदात कापायचंय, सुरुवातीला कॅमेऱ्याची गाडी थांबलेली आणि शेवटीही थांबलेली हवी. म्हणजे L = 0.6, T = 4, आणि A शोधायचाय. इथे v = u + at लावून चालत नाही कारण तो फॉर्म्युला a स्थिर असतानाचा आहे, इथे a दर क्षणाला वेगळा. त्यामुळे इंटिग्रेशन करावंच लागतं, एकदा वेगासाठी आणि परत एकदा पोझिशनसाठी.

पहिलं इंटिग्रेशन:

v(t) = −(AT/2π) cos(2πt/T) + C

आता खरी गंमत या C मधे आहे. बरेच जण सवयीने C = 0 टाकून पुढे जातात कारण "सुरुवातीचा वेग शून्य आहे ना". पण t = 0 ला cos ची किंमत १ असते, म्हणून v(0) = 0 हवं असेल तर C = AT/2π यायलाच हवा. मग वेग असा होतो:

v(t) = (AT/2π)(1 − cos(2πt/T))

कंसातली गोष्ट कधीच निगेटिव्ह होत नाही बघा. अ‍ॅक्सिलरेशन अर्धा वेळ पुढे आणि अर्धा वेळ मागे आहे, त्याची बेरीज शून्य, तरी गाडी सगळा वेळ पुढेच जाते, कारण मागचं अ‍ॅक्सिलरेशन फक्त आधी मिळवलेला वेग खाऊन टाकतं, गाडीला उलटी फिरवत नाही.

दुसरं इंटिग्रेशन, x(0) = 0 धरून:

x(t) = (AT/2π)(t − (T/2π) sin(2πt/T))

t = T ला sin शून्य, म्हणून x(T) = AT²/2π. हे L बरोबर ठेवलं की A = 2πL/T², माझ्या आकड्यांनी साधारण ०.२३६ मीटर प्रति सेकंद वर्ग. सगळ्यात जास्त वेग बरोबर मधे, २ सेकंदाला, 2L/T म्हणजे ३० सेंमी प्रति सेकंद, सरासरीच्या दुप्पट. हा आकडा आधीच काढून ठेवा कारण मोटर स्टेप चुकवते की नाही ते याच्यावर ठरतं: माझ्याकडे मिलिमीटरला २० स्टेप पडतात, म्हणजे मधल्या क्षणाला सेकंदाला ६००० स्टेप.

१ सेकंदाला काय होतं ते जरा थांबून बघण्यासारखं आहे. तेव्हा a सगळ्यात जास्त, ०.२३६. कुणी हाच a घेऊन at केलं तर वेग २३.६ सेंमी प्रति सेकंद येतो, खरा वेग आहे १५. आणि ½at² ने अंतर येतं जवळजवळ १२ सेंमी, खरं अंतर ५.४५ सेंमी! अंतरात निम्म्याहून जास्त फरक पडतो, कारण त्याआधीचा सगळा वेळ a यापेक्षा कमीच होता आणि ती कमतरता दोनदा साठत गेली. रेलवर मी ५.४५ सेंमीला टेपची खूण केलीय, गाडी १ सेकंदाला तिथेच असते.

कोडमधे थेट पोझिशनचा फॉर्म्युलाच ठेवलाय:

```
float pos(float t) {
  float p = t / T;
  return L * (p - sin(2 * PI * p) / (2 * PI));
}
```

आता sin च्या जागी cos टाकलं तर? आकार तोच, फक्त पाव सायकल सरकलेला. पण v = (AT/2π) sin(2πt/T) येतो, अर्धा वेळ पुढे अर्धा वेळ मागे, आणि त्याच A ला गाडी L/π म्हणजे १९ सेंमी जाऊन परत मूळ जागी येते. शिवाय पहिल्याच क्षणाला पूर्ण A चा झटका. तेव्हा ग्राफचा आकार बघून समाधान मानू नका, तो कुठून सुरू होतो ते बघा.

खात्री करायला गाडीवर फोन बांधून त्याच्या अ‍ॅक्सिलरोमीटरचं रेकॉर्डिंग घेतलं आणि दोनदा बेरीज केली. a चा ग्राफ मस्त साइनसारखा आला पण पोझिशन शेवटी १४ सेंमीने जास्त. याचं कारण साधं आहे: अ‍ॅक्सिलरेशनमधे b एवढी स्थिर चूक असली तर वेगात ती bt होते आणि अंतरात ½bt². रेल नुसती ०.१ अंश कलली तरी गुरुत्वाकर्षणाचा ०.०१७ एवढा भाग मिसळतो, आणि ४ सेकंदात तेवढ्याने बरोबर १४ सेंमीच होतात. ओळखायचं कसं, तर शेवटचा वेग बघा. गाडी डोळ्यासमोर थांबलेली आहे आणि ग्राफ म्हणतोय अजून ६.८ सेंमी प्रति सेकंदाने चाललीय, म्हणजे चूक नक्की. ६.८ ला ४ ने भागा, सेंमीतला b मिळाला, तो सगळ्या रीडिंगमधून वजा करा आणि परत बेरीज करा. मात्र चूक स्थिर असेल तरच हे चालतं. रेल मधे वाकत असेल तर कल जागेप्रमाणे बदलतो आणि एका b ने काम होत नाही, तिथे रेलखाली मधे आधार देणं हाच उपाय.

पुढचं काम सुरू केलंय: मधला भाग एकसारख्या वेगाने हवाय, शॉट तिथेच घ्यायचा असतो. पहिला सेकंद अर्ध्या साइनचं अ‍ॅक्सिलरेशन, मग २ सेकंद शून्य, मग शेवटचा सेकंद तसंच उलट. इथे प्रत्येक तुकड्याचं इंटिग्रेशन वेगळं करायचं आणि आधीच्या तुकड्याचा शेवटचा वेग व शेवटची पोझिशन हे पुढच्याचे स्थिरांक म्हणून घ्यायचे. हिशोबाने पहिल्या तुकड्यात १० सेंमी, मधे ४०, शेवटी १०, आणि टॉप स्पीड ३० वरून २० सेंमी प्रति सेकंदावर उतरतो. बदल्यात A ०.२३६ वरून ०.३१४ होतो. स्टेप रेट ४००० वर आल्याने मोटरला आराम आहे, पण सुरुवातीचा सेकंद आधीपेक्षा जड जाणार, त्यामुळे बेल्टचा ताण परत तपासून मगच चालवणार आहे.