कोळवण खोऱ्यातलं जातं आणि ओवीतला 'हौशा'

पुण्याच्या चांदणी चौकातून पिरंगुट, मग पौड, आणि पौडहून उजवीकडे वळलं की कोळवणचा रस्ता लागतो. पुढे तो तिकोन्याच्या बाजूने पवना धरणाकडे उतरतो. दोन्हीकडे भातखाचरं आणि चढावर नाचणी. मुळशी-मावळच्या या पट्ट्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं या अभ्यासकांनी १९८०च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे काम महाराष्ट्रभर पसरलं आणि संग्रह लाखाच्या वर गेला. त्यात आई, भाऊ, विठ्ठल आणि लेकरं सहज सापडतात. बाईने स्वतःच्या नवऱ्यावरच्या प्रेमाबद्दल काय म्हटलंय ते मात्र शोधावं लागतं. मी या खोऱ्यात ऐकायला गेलो ते त्याच ओव्या.

पहिली गोष्ट, जात्याशिवाय गायला सांगू नये. ओसरीवर बसवून "म्हणा की एखादी" म्हटलं की देवाच्या दोन ओव्या येतात, आईची एक येते आणि गाणं थांबतं. जात्यावर बसल्यावर हात फिरतो आणि त्या फेऱ्याला ओळ धरून येते. जातं रिकामं फिरवणं ही दुसरी चूक. दाणा नसला की दगडावर दगड घासतो, आवाज कर्कश होतो, पिठात खर येते आणि बाई वैतागते. मूठभर नाचणी किंवा तांदूळ लागतोच.

दोघी समोरासमोर बसतात, एकाच खुंट्यावर दोघींचे हात. एक ओढते, दुसरी लोटते, आणि जिचा डावा हात मोकळा ती जात्याच्या तोंडात दाण्यांची वैरण घालते. वैरण जास्त झाली की वरची तळी उचलल्यासारखी होते, पीठ भरड पडतं आणि फेरा हलका होऊन लय पळते. कमी झाली की जातं जड होतं, ओढ अडखळते आणि ओळ मध्येच तुटते. धान्य दमट असलं तर पीठ तळीला चिकटतं, मग गाणं सोडून जातं उचलून पुसावं लागतं. छिन्नीने टाकी लावून बरेच दिवस झालेलं, गुळगुळीत जातंही असंच दमवतं. जाणती बाई पिठाकडे न बघता नुसत्या घरघरीवरून यातलं काय बिघडलंय ते सांगते.

ओवी दोन ओळींची. प्रत्येक ओळीच्या मध्ये थांबा, आणि दोन्ही ओळींच्या शेवटी यमक. पहिली ओळ एकटी उचलते, तिचा अर्धा भाग परत घोळवते, दुसऱ्या ओळीला समोरची साथ देते. मधले 'गं', 'बाई' श्वासासाठी आणि फेऱ्यासाठी येतात. लिहून घेताना ते गाळले की कागदावर ओवी उघडी पडते आणि ती कुठे रेंगाळली होती ते कळत नाही. त्या रेंगाळण्यातच बरंचसं प्रेम असतं, म्हणून ते टिपून ठेवावं.

आता ते सांगतात कसं? साचा दिसावा म्हणून मीच दोन ओळी जुळवतो. ही पारंपरिक ओवी नाही.

बैलाची गाडी, वडाखाली गं थांबली
हौशाच्या पटक्याची, सावली जोत्याला लांबली

यात 'आवडतो' असं कुठेच नाही. नवऱ्याचं नाव नाही, चेहराही नाही. ती जोत्यावर उभी आहे, म्हणजे घराची हद्द तिने सोडलेली नाही. सावली लांबली, म्हणजे संध्याकाळ झालीय आणि ती बराच वेळ वाट बघतेय. तिच्यापर्यंत पोचते ती फक्त पटक्याची सावली. खऱ्या ओव्यांतही असंच चालतं. नवरा येतो तो पटक्यातून, विड्यातून, त्याने आणलेल्या चोळीच्या खणातून, कपाळाच्या कुंकवातून. त्याला हाक मारायला भरतार, हौशा, राया, कुंकवाचा धनी हे शब्द. 'सखा' आला तर घाई करू नये. तो विठ्ठल असू शकतो, भाऊही असू शकतो. आजूबाजूच्या चार ओव्या ऐकूनच ठरवावं.

या खोऱ्यातल्या ओव्यांत विरहाला जागा आहे, कारण मावळ-मुळशीचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जात आले. तिथले बरेच डबेवाले या भागातले. घरी मागे राहिलेली बाई पहाटे दळायची. सगळे झोपलेले, दगडाची घरघर आवाज झाकणारी, आणि ऐकायला समोरची जाऊ नाहीतर नणंद. जे सासूपुढे बोलता येत नाही ते इथे म्हणता यायचं: त्याचं दुर्लक्ष, सवतीची धास्ती, रुसवा. मला सगळ्यात धीट वाटतात त्या विठ्ठल-रखुमाईच्या ओव्या. रखुमाई रुसून दिंडीरवनात जाते, तुळशीवर जळते, जनीवरून विठ्ठलाला टोचते. देवाच्या घरातलं भांडण म्हणून कोणी अडवत नाही, आणि गाणारी आपल्या मनातलं सगळं रखुमाईच्या तोंडी घालून मोकळी होते. अशा ओव्या 'भक्तीच्या' म्हणून वेगळ्या काढल्या की बाईचं निम्मं प्रेम हातचं जातं.

लग्नात तेच जातं अंगणात, चारचौघांत येतं. धुऊन हळद-कुंकू लावतात. खुंट्याला सूत गुंडाळून आंब्याची पानं, सुपारी आणि हळकुंड बांधतात. पाच सुवासिनी खुंट्याला हात लावतात. अख्खं हळकुंड जात्यात जात नाही, तोंडात अडकतं आणि जोर केला तर वरची तळी तिरकी होते. म्हणून आधी उखळात फोडून बारीक तुकडे करतात. विधीपुरतं मूठभर दळतात, बाकीची हळद दुकानची. घाणा भरताना दोन मुसळं एकत्र बांधून सुवासिनी कांडतात, तेव्हाही गाणी चालूच.

पण इथे श्रोते बदललेले असतात. व्याही, सासरे, पोरं सगळे उभे. मग 'माझा हौशा' गायब होतो आणि सीता येते, रुक्मिणी येते, नाहीतर थेट नवरी-नवऱ्याची नावं घातली जातात. हळदीने पिवळं झालेलं अंग, नवऱ्याची उष्टी हळद नवरीला लागणं, यावर सगळ्या मोकळेपणाने गातात, कारण बोलणं दुसरीच्या लग्नाबद्दल आहे. गाणाऱ्या बाईने आपली हौस नवरीच्या अंगावर घातलेली असते. ते ओळखायची एक खूण आहे. वयस्क बाई नावं बदलत जाते, तरी एखाद्या ओळीवर ती थांबते आणि ती ओळ दोनदा घेते. तीच ओळ पुन्हा दळताना येते का ते बघावं. आली, तर तिथे नवरीचं नाव नसतं, 'माझ्या' हा शब्द असतो. लग्नात नवऱ्याचं नाव घ्यायची एकच उघड जागा उरते, ती उखाण्याची, आणि तिथेही नाव यमकाच्या आडूनच येतं.

ऐकायला जायचं तर हळदीच्या संध्याकाळी जाऊ नका, तेव्हा स्पीकर लागलेला असतो. घाणा आणि जात्याची पूजा बहुतेक घरी सकाळी लवकर उरकतात. आदल्या दिवशी घरच्या थोरल्या बाईला विचारून वेळ पक्की करावी. पुरुष असाल तर अंगणाच्या कडेला बसावं आणि रेकॉर्डर जात्याजवळ ठेवायला एखाद्या मुलीला सांगावं. जात्याला अगदी चिकटून ठेवला तर नुसती घरघर येते. दोन-तीन हात लांब, खुंट्याच्या उंचीवर ठेवला की शब्दही येतात आणि दगडही.