छायांकित भागाची आकृतीच नसताना क्षेत्रफळ काढणे : माझा अनुभव

माझे घर खानापूर तालुक्यात आहे. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी शाळेत झाले आणि आता मी बेळगावात पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला विज्ञान शाखेत शिकते. सीईटीच्या तयारीसाठी मिळालेला सरावाचा एक प्रश्नसंच कोणीतरी जुन्या कागदांवरून पुन्हा टाइप केलेला होता. त्यात समीकरणे शाबूत होती, पर्यायही होते, पण 'आकृतीतील छायांकित भागाचे क्षेत्रफळ काढा' असे जिथे म्हटले होते तिथली आकृती मात्र गायब होती. असे प्रश्न सोडून देण्यापेक्षा उरलेल्या शब्दांवरून आकृती पुन्हा उभी करता येते का, हे पाहायचे मी ठरवले.

पहिल्या प्रश्नात y = x² − 4x + 3 हा वक्र, X-अक्ष आणि x = 0, x = 3 या दोन रेषा दिल्या होत्या. पर्याय होते 0, 4/3, 8/3 आणि 3. इंटिग्रेशनला हात लावण्याआधी मी कच्ची आकृती काढली आणि त्यासाठी फार काही लागले नाही. अवयव (x − 1)(x − 3) असल्यामुळे वक्र X-अक्षाला 1 आणि 3 येथे छेदतो, Y-अक्षाला 3 येथे छेदतो आणि त्याचा सर्वांत खालचा बिंदू (2, −1) आहे. म्हणजे 0 ते 1 पर्यंत वक्र अक्षाच्या वर, 1 ते 3 पर्यंत खाली आणि 3 च्या पुढे पुन्हा वर. एवढे कळल्यावर छायांकित भाग एकसंध नसून त्याचे दोन तुकडे आहेत, हे कागदावर स्पष्ट दिसले.

माझ्या मैत्रिणीने आकृती न काढता सरळ 0 ते 3 असे इंटिग्रल घेतले आणि तिचे उत्तर 0 आले. तिची आकडेमोड अगदी बरोबर होती. F(x) = x³/3 − 2x² + 3x घेतले तर F(0) = 0, F(1) = 4/3 आणि F(3) = 0 येते, म्हणून 0 ते 3 चे इंटिग्रल खरोखरच शून्य आहे. परंतु डेफिनिट इंटिग्रल अक्षाच्या वरचा भाग धन आणि खालचा भाग ऋण धरते. येथे वरचा तुकडा 4/3 आणि खालचा −4/3 असल्यामुळे दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. तीन एकक रुंदीच्या, डोळ्यांना दिसणाऱ्या भागाचे क्षेत्रफळ शून्य असू शकत नाही, म्हणून 1 येथे तोडून दोन्ही तुकड्यांच्या निरपेक्ष किमती मिळवायच्या. उत्तर 8/3. प्रश्न काढणाऱ्याने 0 हा पर्याय मुद्दाम ठेवला असणार, असे मला वाटते.

याच वक्राची आणखी एक गंमत आहे. प्रश्नात 'वक्र आणि दोन्ही अक्ष' एवढेच असते, तर पहिल्या चरणातला 0 ते 1 चा तुकडा धरावा लागला असता. 'वक्र आणि X-अक्ष' असे असते, तर 1 ते 3 चा. दोघांचेही क्षेत्रफळ 4/3 च आहे. त्यामुळे केवळ उत्तर जुळले म्हणजे आकृती बरोबर ओळखली, असे येथे म्हणता येत नाही.

दुसरा प्रश्न जास्त विचार करायला लावणारा होता. वक्र तोच, त्याच्या जोडीला y = x − 1 ही रेषा, आणि 'वक्र, रेषा व X-अक्ष यांनी वेढलेला छायांकित भाग' असे शब्द. पर्यायांत 9/2 आणि 19/6 दोन्ही होते. x² − 4x + 3 = x − 1 सोडवले की x² − 5x + 4 = 0, म्हणजे रेषा आणि वक्र (1, 0) व (4, 3) येथे भेटतात. रेषा आणि वक्र यांच्यामधल्या संपूर्ण भागाचे क्षेत्रफळ 9/2 येते. मात्र त्या भागाला X-अक्षाची गरजच पडत नाही, अक्ष त्याच्या मधून जातो.

येथे मला जमिनीच्या खरेदीखतातली चतुःसीमा आठवली. खतासोबत नकाशा नसला तरी पूर्वेस कोणाचे शेत, पश्चिमेस ओढा, असे लिहिलेले असते आणि ज्याचे नाव लिहिले त्याची हद्द त्या तुकड्याला लागलेलीच असते. तसे पाहिले तर वक्र, रेषा आणि अक्ष या तिघांचीही कड ज्याला लागते असा बंदिस्त भाग एकच आहे : अक्षावर 1 पासून 3 पर्यंत जाणारा, तेथून वक्राने (4, 3) पर्यंत चढणारा आणि रेषेने परत (1, 0) ला येणारा. अक्षाखालच्या तुकड्याला रेषा फक्त एका बिंदूत स्पर्श करते, तिची कड त्याला लागत नाही.

उभ्या पट्ट्या घेतल्या तर खालची हद्द 3 येथे बदलते, म्हणून दोन इंटिग्रल घ्यावी लागतात. 1 ते 3 पर्यंत रेषा आणि अक्ष यांच्यामधला भाग 2 येतो. 3 ते 4 पर्यंत (x − 1) − (x² − 4x + 3), म्हणजेच −x² + 5x − 4 चे इंटिग्रल 7/6 येते. बेरीज 19/6.

आकृती स्वतःच उभी केलेली असल्यामुळे मी दोन प्रकारे पडताळा घेतला. (1, 0), (3, 0) आणि (4, 3) या त्रिकोणाचे क्षेत्रफळ 3 आहे. 3 ते 4 दरम्यान वक्र त्रिकोणाच्या उजव्या बाजूच्या किंचित खालून जातो, म्हणून आपला भाग 3 पेक्षा थोडा मोठा असायला हवा. 19/6 म्हणजे सुमारे 3.17, हे पटते. 9/2 पटत नाही. नंतर आडव्या पट्ट्या घेतल्या. y ची किंमत 0 पासून 3 पर्यंत जाते, प्रत्येक पट्टी रेषेवरच्या x = y + 1 पासून वक्रावरच्या x = 2 + √(1 + y) पर्यंत पोहोचते. वर्गमूळ धनच घ्यायचे, कारण आपल्याला वक्राची उजवी बाजू लागते. मग 0 ते 3 पर्यंत 1 − y + √(1 + y) हे एकच इंटिग्रल उरते : 3 − 9/2 + 14/3, म्हणजे पुन्हा 19/6. भाग डावीकडून व उजवीकडून एकेकाच कडेने बंद होत असेल, तर ही पद्धत सोयीची पडते.

तिसऱ्या प्रश्नापुढे मात्र ही रीत थांबली. y = x³ − 4x एवढेच समीकरण आणि 'छायांकित भाग', बाकी सीमा नाहीत, आणि पर्यायांत 4 व 8 दोन्ही. हा वक्र अक्षाला −2, 0 आणि 2 येथे छेदतो, डावा तुकडा अक्षाच्या वर आणि उजवा खाली असतो, प्रत्येकाचे क्षेत्रफळ 4 आहे. एक तुकडा रंगवला असेल तर 4, दोन्ही रंगवले असतील तर 8, आणि यातले काय खरे हे ठरवणारा एकही शब्द प्रश्नात नव्हता. मी वहीत दोन्ही उत्तरे आपापल्या सीमांसह लिहून ठेवली आणि गणिताच्या सरांना मूळ पान मागितले. त्यांनी पाठवलेल्या फोटोत फक्त 0 ते 2 चा, अक्षाखालचा तुकडा रंगवलेला होता.