क्लास सुरू झाला की तानपुऱ्याची जवारी जायची

मी ठाण्यात नौपाड्यात राहते आणि डोंबिवलीच्या एका बाईंकडे आठवड्यातून दोनदा ऑनलाइन गाणं शिकते. पूर्वी लोकलने जायचे, पण संध्याकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये चढण्यातच षड्जाचा श्वास संपायचा. मुलाने ब्लूटूथ हेडफोन आणून दिले तेव्हा वाटलं, चला, आता घरीच मैफल.

लॅपटॉपवर तानपुरा काळी चारला लावायचा, हेडफोन चढवायचे, पाच मिनिटं नुसतं ऐकत बसायचं. सुरेख वाजायचा. पण क्लासची लिंक उघडून बाईंचा चेहरा पडद्यावर आला, की त्याच क्षणी तानपुरा शेजारच्या घरातल्या जुन्या रेडिओवर लागल्यासारखा व्हायचा. दोन्ही कानांतला पसारा जाऊन सगळं डोक्याच्या मधोमध गोळा व्हायचं आणि जवारीची, म्हणजे तारांच्या गुंजनाची, झळाळी पुसली जायची. बाईंची तक्रार वेगळीच होती. त्या म्हणायच्या, "अगं, तू डब्यात बसून गातेयस का?"

आधी इंटरनेटला दोष दिला. मग हेडफोन घेऊन दुकानात गेले. दुकानातल्या मुलाने फोनवर एक गाणं लावलं आणि म्हणाला, "काकू, एकदम मस्त वाजतोय." खरंच मस्त वाजत होता. त्याने माईक वापरून पाहिलाच नव्हता, हे मला नंतर कळलं.

ऐरोलीला नोकरी करणारा भाचा रविवारी जेवायला आला होता. त्याने आधी वायफाय बंद केलं. "मावशी, आता तानपुरा लाव. आणि आवाज रेकॉर्ड करायचं अॅप उघडून लाल बटण दाब." बटण दाबताच तानपुरा डब्यात गेला. रेकॉर्डिंग थांबवलं, आणि दोनेक सेकंदांत जवारी परत आली. नेट नाही, क्लास नाही, बाई नाहीत. फक्त माईक चालू झाला होता.

त्याने सांगितलं ते मला असं समजलं. हेडफोन आणि लॅपटॉप एकमेकांशी बोलायचे दोन ठरलेले करार आहेत, त्यांना प्रोफाइल म्हणतात. गाण्यासाठीचं स्टिरिओ प्रोफाइल म्हणजे एटूडीपी. ते एकेरी रस्त्यासारखं आहे: आवाज लॅपटॉपकडून हेडफोनकडे जातो. आवाज दाबून लहान करून पाठवायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. नेहमीच्या एसबीसी कोडेकवर सेकंदाला साधारण ३२८ किलोबिटपर्यंत माहिती जाते, डाव्या-उजव्या कानाचा आवाज वेगळा. पण हेडफोनच्या माईकचा आवाज उलट आणायची सोयच त्या करारात नाही. ती सोय आहे हँड्सफ्री प्रोफाइलमध्ये, म्हणजे एचएफपीमध्ये. ते गाडी चालवताना फोनवर बोलता यावं अशा कामांसाठी बनलेलं, म्हणून त्याचा हिशेब टेलिफोनचा: जायला ६४ किलोबिट, यायला ६४ किलोबिट, आणि आवाज एकाच वाहिनीचा. कोणत्याही प्रोग्रामने हेडफोनचा माईक मागितला, की लॅपटॉप गाण्याचा रस्ता बंद करून हा फोनचा रस्ता उघडतो. मग तानपुऱ्यालाही त्याच अरुंद रस्त्याने यावं लागतं.

"पण मग बाईंचं बोलणं नीट ऐकू येतं, तानपुराच का बिघडतो?" मी विचारलं. यावर त्याने कागदावर हिशेब मांडला, तो मला सगळ्यात आवडला. सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. हँड्सफ्रीच्या जुन्या सीव्हीएसडी कोडेकमध्ये फक्त ८,०००. नमुन्यांच्या निम्म्यापर्यंतच कंपनं पकडता येतात, म्हणजे ४,००० हर्ट्झच्या वर काहीच उरत नाही. बोलण्यातले शब्द कळायला तेवढं चालतं. फारतर 'स' आणि 'श' एकमेकांत मिसळतात. माझा काळी चारचा मध्य षड्ज साधारण २०८ हर्ट्झचा. त्याच्या तारेतून २०८ च्या पटीतले स्वरांश एकावर एक निघतात. पाचवा म्हणजे आपला स्वयंभू गंधार, १,०४० च्या आसपास, तो वाचतो. विसावा स्वरांश मात्र ४,१६० ला येतो आणि तिथून पुढचे सगळे कापले जातात. जवारीची ती झिलई याच वरच्या स्वरांशांत असते. म्हणून सूर कळायचा, तानपुरा कळायचा नाही.

दोन्ही उपकरणं नवी असतील तर एमएसबीसी हा कोडेक लागतो. त्यात नमुने १६,००० आणि मर्यादा ८,००० हर्ट्झ. दोघांपैकी एकाला जरी तो येत नसला तरी गाडी जुन्या कोडेकवर. माझ्या फोनवर हेच हेडफोन बोलताना बरे का वाटायचे, याचं कारण बहुधा हेच.

म्हणजे महागडे हेडफोन घेऊनही हे टळलं नसतं. हेडफोनमधलं भारी कोडेक गाण्याच्या रस्त्यावर चालतं. फोनच्या रस्त्यावर त्याचा काही संबंध नाही.

उपाय साधा निघाला: ऐकायचं हेडफोनमधून आणि बोलायचं लॅपटॉपच्या माईकमध्ये. क्लासच्या अॅपमध्ये माईकच्या यादीतून लॅपटॉपचा माईक निवडला. मंगळवारी बसले, आणि पुन्हा तेच! मी वैतागून भाच्याला फोन केला. तो म्हणाला, खाली पट्टीवर माईकचं चिन्ह दिसतंय का, त्यावर बाण ने. तिथे ब्राउझरचं नाव आलं. स्वर बरोबर लागतोय का ते दाखवणारं एक पान मी उघडं ठेवलं होतं, आणि ते गुपचूप हेडफोनचाच माईक ऐकत होतं. एकाने माईक धरला की सगळ्यांचा आवाज पडतो.

मग त्याने कायमचा बंदोबस्त करायला लावला. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून हे टाइप करायचं:

```
mmsys.cpl
```

उघडलेल्या चौकटीत Recording वर जायचं, हेडफोनच्या नावावर उजवं क्लिक करून Disable करायचं. झालं. आता कुठलाच प्रोग्राम तो माईक मागू शकत नाही. माझ्याकडे विंडोज ११ आहे. शेजारच्या वहिनींच्या विंडोज १० वर एकाच हेडफोनची दोन नावं दिसतात, एक Stereo आणि एक Hands-Free. तिथे स्पीकर म्हणूनही Hands-Free निवडलेलं राहिलं तर माईक बदलून उपयोग होत नाही. दोन्हीकडे पाहावं लागतं.

बाईंना फरक लगेच कळला, कारण माझा आवाजही आता त्या टेलिफोनी रस्त्याने जात नव्हता. "डब्यातून बाहेर आलीस," म्हणाल्या. पण लॅपटॉपचा माईक लांबचंही ऐकतो. पंखा बंद करावा लागतो, आणि कुकरची शिट्टी एकदा थेट अंतऱ्यात आली. लांब धरलेला सा मध्येच विरायचा, ते मात्र क्लासच्या अॅपमधल्या आवाज गाळायच्या सोयीमुळे होतं. एकसारखा स्वर तिला पंख्यासारखाच वाटतो. ती बंद केली.

तालाच्या दिवशी मी ब्लूटूथ लावतच नाही. स्टिरिओच्या रस्त्याने आवाज कानापर्यंत पोचायला थोडा उशीर लागतो. तानपुऱ्याला त्याने काही बिघडत नाही, पण लॅपटॉपवरचा तबला मला उशिरा ऐकू येतो आणि बाईंना माझी सम मागे पडल्यासारखी वाटते. त्यासाठी जुने वायरचे इअरफोन ड्रॉवरमधून काढलेत.